फोनच्या व्हिडिओत उजव्या कोपऱ्यात बोट आलंय, पंच-इन करून लपेल का?

परळची_गॅलरी

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण महिला गोविंदा पथकात आहे. यंदा आमच्या चाळीसमोर त्यांनी सहा थर लावले, एक्क्याने सलामी दिली आणि सगळ्याजणी नीट खाली उतरल्या. हे सगळं आत्याने दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून फोन आडवा धरून टिपलं. सलग एकच क्लिप, १ मिनिट ४८ सेकंदांची. दुसऱ्या कोणाकडे या कोनातून काही नाही, आणि थर काही माझ्या व्हिडिओसाठी पुन्हा लागणार नाहीत.

४१ व्या सेकंदाला उजव्या खालच्या कोपऱ्यात लालसर तपकिरी, धूसर असं काहीतरी येतं आणि १ मिनिट १२ सेकंदांपर्यंत कमी-जास्त होत राहतं. आत्या शपथेवर सांगते की ते तिचं बोट नाही.

पथकाच्या कार्यक्रमात हे प्रोजेक्टरवर लावायचंय. मी मधोमध १२० टक्के झूम केलं. बोट थोडं उरलंच, वर एक्क्याचं डोकं कापलं गेलं. बहिणीची एकच अट आहे, सलामीच्या वेळी सहाच्या सहा थर मोजता आले पाहिजेत. काय करू?

नंदूकाका_दादर

लेन्सवर बोटाचे ठसे उठले की चित्र असंच धुरकट येतं. चष्मा पुसायच्या मऊ कापडाने हलकेच पुसावं. साडीच्या पदराने पुसू नये, चरे पडतात.

परळची_गॅलरी

काका, क्लिप घेऊन झालीये. ठसा नाही, अख्खं बोट आहे :)

रील_राजा

इतका विचार कशाला? उभी रील कर. थर उभेच असतात, आडव्या फ्रेमचा मधला उभा तुकडा घेतला की दोन्ही बाजूंचे कोपरे आपोआप जातात. मी सगळं असंच करतो.

परळची_गॅलरी

रीलसाठी करेनच. पण प्रोजेक्टरचा पडदा आडवा आहे, तिथे दोन्ही बाजूंना काळं दिसेल.

कटिंग_टेबल

अंधेरीत एडिटिंग करतो, असली बोटं आठवड्याला दोन-तीन तरी येतात. आधी तीन गोष्टी सांग. फाइलची रुंदी-उंची किती आहे? बोट सगळ्यात जास्त आत येतं त्या फ्रेमला थांबून बघ, ते उजवीकडून किती आत आणि खालून किती वर आहे? आणि सलामीच्या वेळी मनोऱ्याच्या वर आणि खाली किती जागा शिल्लक आहे?

रील_राजा, तुझं रीलपुरतं बरोबर आहे. थरांना ती चौकट खरंच शोभते.

परळची_गॅलरी

फाइलची रुंदी ८४८ दाखवतंय.

१ मिनिट ६ सेकंदांना बोट सगळ्यात मोठं आहे. स्क्रीनवर पट्टी लावून मोजलं (हसू नका). उजवीकडून फ्रेमच्या ११ टक्के आत, खालून ३० टक्के वर. म्हणजे उभं, उजव्या कडेला टेकलेलं. मनोरा बराचसा मधोमध आहे. एक्क्याच्या डोक्यावर ३ टक्के जागा, पायाच्या मुलींच्या पावलांखाली ४ टक्के.

कटिंग_टेबल

८४८ म्हणजे आत्याने व्हॉट्सॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलाय. त्यात कापण्यासारखं काही उरलेलं नसतं, त्याला हात लावू नकोस. आत्याकडे जा आणि फोन केबलने लावून मूळ फाइल घे. ते जमत नसेल तर व्हॉट्सॅपवरच डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, तसं पाठवलं तर फाइल दाबली जात नाही. ती आणल्यावर पुढचं बोलू.

पट्ट्या_लाव

मी सांगतो सोपा उपाय. वर-खाली काळ्या पट्ट्या लाव, सिनेमासारख्या. १०८० च्या फ्रेममध्ये चित्र ८०४ उंचीचं ठेवलं की वर १३८ आणि खाली १३८ झाकले जातात. बोट पट्टीमागे, झूमची भानगडच नाही. लग्नाच्या व्हिडिओत मी दोनदा वाचलोय यामुळे.

कटिंग_टेबल

उपाय चांगला आहे, फक्त या बोटाला लागू नाही. १३८ म्हणजे उंचीचा जेमतेम १३ टक्के. हे बोट खालून ३० टक्के वर आलंय, अर्ध्याहून जास्त पट्टीच्या वर डोकावेल. शिवाय वरची पट्टी थेट एक्क्याच्या तोंडावर येते. बोट आडवं, खालच्या कडेला पसरलेलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

परळची_गॅलरी

मूळ फाइल मिळाली! ३८४० बाय २१६०. आत्याने ४के चालू ठेवलं होतं, तिलाच माहीत नव्हतं. फोन भरला भरला म्हणून महिनाभर कटकट चालली होती, त्याचं कारणही सापडलं. बोट तेवढंच आहे, टक्क्यात फरक नाही.

कटिंग_टेबल

मग काम सोपं झालं. आता नीट सांगतो.

तुझं मधोमध झूम का फसलं ते बघ. १२० टक्के केलंस की चित्राचा साधारण १७ टक्के भाग बाहेर जातो, पण तो दोन्ही बाजूंना वाटून, उजवीकडे आठ आणि डावीकडे आठ. बोट ११ टक्के आत आहे, म्हणून ते उरलं. डावीकडचे आठ टक्के तू फुकट घालवलेस, तिथे बोट नव्हतंच. वर-खालीही तसंच, आठ टक्के वरून गेले आणि एक्क्याच्या डोक्यावर जागा होती तीनच टक्के.

दुसरं म्हणजे कोपऱ्यातली वस्तू काढायला ती दोन्ही दिशांनी कापावी लागत नाही. एका दिशेने बाहेर गेली की गेली. तुझं बोट आडव्यात ११ टक्के आहे आणि उभ्यात ३०. स्वस्त दिशा आडवी, मग फक्त तिकडूनच काप. उंचीचा विचार बोटासाठी करायचाच नाही.

११ वर दोन टक्के जास्त धर. भिंगाला चिकटलेलं बोट कधीच फोकसमध्ये नसतं, त्यामुळे त्याला नीट कड नसते, ते विरत विरत जातं. म्हणजे १३ टक्के कापायचं आणि ८७ ठेवायचं. १०० भागिले ८७, झूम साधारण ११५ टक्के. आता चित्र पूर्ण उजवीकडे ढकल, म्हणजे झूमची सगळी कात्री उजव्या कडेवरच चालेल. १०८० च्या टाइमलाइनवर ११५ टक्क्यांचं चित्र २२०८ रुंद होतं, फ्रेमपेक्षा २८८ जास्त. त्याचे निम्मे १४४, तेवढंच सरकवायचं. त्यापेक्षा एक पिक्सेल जास्त सरकवलंस तर डावीकडे काळी रेघ येईल.

क्वालिटीची काळजी नको. मूळ चित्रातला ३३४० बाय १८७९ एवढा तुकडा तू वापरतेयस आणि पडदा मागतोय १९२० बाय १०८०. मधोमध झूम करूनच बोट घालवायचं म्हटलंस तर १३५ टक्के लागले असते. पिक्सेल तेव्हाही पुरले असते, थर पुरले नसते.

एक तोटा आहे तो आधीच सांगतो. मधोमध असलेला मनोरा आता फ्रेमच्या साधारण ५७ टक्क्यांवर, थोडा उजवीकडे दिसेल. डावीकडे गर्दी असेल तर कोणाला खटकणार नाही. रिकामी भिंत असेल तर खटकेल.

परळची_गॅलरी

डावीकडे ढोल-ताशावाले आहेत. पण उंचीचं काय? मनोराच ९३ टक्के आहे आणि तुम्ही ८७ ठेवा म्हणताय. सहा थर बसणार कसे?

कटिंग_टेबल

पूर्ण नाही बसणार. पण थर मोजले जातात डोक्यांवरून, पावलांवरून नाही. तुझ्या मापाने एकेक थर साधारण १५ टक्क्यांचा आहे. वरून एक टक्का आणि खालून बारा टक्के कापलेस तर पायाच्या मुली कंबरेपासून वर दिसतील. त्यांच्या पायांभोवती तशीही माणसांची गर्दी असते. सहा रांगा डोकी स्वच्छ मोजता येतील.

आणि एक फायदा घे. बोट आडव्या दिशेने बाहेर गेलंय, म्हणून वर-खाली सरकायला तुला पूर्ण मोकळीक आहे. सुरुवातीला फक्त पाया लागतोय तेव्हा चौकट खाली ठेव, पावलं आणि खांद्यात अडकवलेले हात दिसू देत. थर चढत जातील तशी कीफ्रेम लावून चौकट हळूहळू वर ने. दहाव्या सेकंदाला सुरू कर, चाळिसाव्याला पोच. सेकंदाला पाचेक पिक्सेल सरकतं, आत्यानेच कॅमेरा सावकाश वर नेलाय असं वाटेल. रिझॉल्व्हमध्ये सलामीच्या वेळचे आकडे असे:

```
Zoom X      1.150
Zoom Y      1.150
Position X  144
Position Y  -70
```

सुरुवातीला फक्त `Position Y` 81 ठेव, बाकी तेच.

प्रीमियरवाली_पार्ले

प्रीमियरवाल्यांसाठी भर घालते. तिथे ४के क्लिप १०८० च्या सीक्वेन्समध्ये टाकल्यावर `Scale to Frame Size` लावू नका. त्याने क्लिप आधी १०८० ला लहान होते, मग तुम्ही ११५ करता तेव्हा लहान झालेलंच चित्र ताणलं जातं. ४के असून मऊ का दिसतंय म्हणून मी एकदा रात्रभर डोकं धरून बसले होते. `Set to Frame Size` लावा, मग `Scale` 50 दिसतो, तो 57.5 करा. `Position` 1104 आणि 610. तिथे उभा आकडा वाढला की चित्र खाली जातं, रिझॉल्व्हच्या उलट.

हायवे_सायकलवाली

मध्येच माझं घुसवते. मी छातीला हार्नेसमध्ये फोन लावून सायकल चालवते, गोरेगाव ते वांद्रे. पट्ट्याच्या कडा खाली दोन्ही कोपऱ्यांत येतात, डावीकडे आणि उजवीकडे, २० टक्के रुंद आणि ८ टक्के उंच. वर सांगितल्याप्रमाणे एका बाजूला ढकललं तर दुसरी कड तशीच राहते. दुसरं म्हणजे पट्टा फोनला घट्ट बांधलेला असूनही व्हिडिओत थरथरतो. असं का?

कटिंग_टेबल

तुझ्यासाठी स्वस्त दिशा उभी. दोन्ही कडा एकाच बाजूला, म्हणजे खाली आहेत, मग खालूनच काप. ८ टक्के काढायला १०९ टक्के झूम आणि चित्र पूर्ण खाली ढकल. पण थरथरीमुळे थोडं जास्त लागेल, ११२ धर.

थरथर पट्ट्याची नाहीच. फोनचं स्टॅबिलायझेशन सेन्सरवरच्या चित्रातून एक लहान चौकट कापतं आणि धक्का बसला की ती चौकट उलट दिशेला सरकवतं. रस्ता स्थिर दिसतो. पट्टा मात्र फोनबरोबरच हलत असतो, म्हणून चौकट सरकली की तोच नाचताना दिसतो. खड्ड्यात तो जास्त आत येईल. तेव्हा गुळगुळीत रस्त्यावरची फ्रेम बघून माप घेऊ नकोस, सगळ्यात मोठ्या खड्ड्याची बघ. आपल्याकडे सापडायला वेळ लागणार नाही.

एडिटिंगमध्ये वेगळं स्टॅबिलायझेशन लावणार असशील तर आधी क्रॉप कर, ती क्लिप नेस्ट कर आणि मग लाव. नाहीतर ते सॉफ्टवेअर पट्ट्यालाच स्थिर वस्तू समजून रस्ता हलवतं. नेस्ट ४के मध्येच ठेव.

रील_राजा

फोनवर व्हीएनमध्ये दोन बोटांनी झूम करून सरकवलं तरी हेच होतं ना? आकड्यांची गरज काय?

प्रीमियरवाली_पार्ले

होतं की. फक्त मोठ्या बोटाच्या फ्रेमवर थांबून कर, आणि दोन्ही बोटांनी करताना चुकून चित्र फिरत नाही ना ते बघ. माझ्या भावाने केलेल्या व्हिडिओत इमारती सगळ्या एक अंशाने झुकल्या होत्या.

परळची_गॅलरी

केलं! बोट गेलं, सहा थर मोजता येतात, बहीण खूश. आता दोन तक्रारी उरल्या.

पहिली. बोट गेल्यावरही ४१ सेकंदांनंतर उजवीकडच्या इमारतीची भिंत थोडी लाल वाटते. डोळ्यांचा भास आहे का?

दुसरी. १ मिनिट २० सेकंदांना, म्हणजे बोट गेल्यानंतर, वरच्या उजव्या कोपऱ्यात काळं काहीतरी फडफडतं. झूम करून पाहिलं तर आत्याच्या मनगटातला फोनचा पट्टा. बहुतेक वेळा तो ९ टक्क्यांपर्यंत येतो, म्हणजे क्रॉपमध्येच जातो. पण वाऱ्याने सहा फ्रेम्स तो १९ टक्के आत येतो.

कटिंग_टेबल

भास नाही. रिझॉल्व्हमध्ये पॅरेड स्कोप लाव. त्यात डावी-उजवी बाजू चित्रासारखीच असते. ४० व्या सेकंदाची आणि १ मिनिट ६ सेकंदांची फ्रेम आलटून पालटून बघ. लाल आलेख उजव्या टोकाला उचललेला दिसेल, निळा-हिरवा खाली बसलेला. बोटाच्या कातडीतून उजेड झिरपतो आणि त्याचा पडदा बोटाच्या कडेच्या बराच आतपर्यंत येतो. तो क्रॉपने पूर्ण जात नाही. मी झूम ११८ करेन, `Position X` 172, `Position Y` -88. पंधरा टक्के कापले जातात, लाली बरीच कमी होते.

प्रीमियरवाली_पार्ले

इथे मी सहमत नाही. तीन टक्क्यांसाठी पायाच्या मुलींचे आणखी हात का कापायचे? उजव्या कडेला एक मऊ मास्क लावा, त्यात लाल थोडा उतरवा आणि मास्कची ताकद कीफ्रेमने ४१ ला चढवा, १ः१२ ला उतरवा. भिंतच आहे, कोणाचा चेहरा नाही.

कटिंग_टेबल

मास्क नीट उतरला तर उत्तम. पण बोट हलतंय, लालीची तीव्रता बदलतेय. नवख्याने केलं तर भिंत श्वास घेतल्यासारखी दिसते. मोठ्या पडद्यावर ते लालीपेक्षा जास्त दिसेल.

परळची_गॅलरी

आणि पट्ट्याच्या सहा फ्रेम्स?

कटिंग_टेबल

त्या झूमने सोडवू नकोस. १९ टक्के आणि वर कडेचे दोन म्हटले की १२७ टक्के लागतात, आणि सहा फ्रेम्स म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. तेवढ्यासाठी अख्ख्या क्लिपचा बळी द्यायचा नाही. आणि फक्त तेवढ्याच फ्रेम्सना झूम करायचं तर चुकूनही करू नकोस. ११५ वरून १२७ वर जाऊन लगेच परत, हा प्रोजेक्टर हलल्यासारखा झटका दिसतो.

तीच गोष्ट बोटाची, म्हणून मी ११५ पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत ठेवायला सांगितलं. ४१ व्या सेकंदाला अचानक लावलं असतंस तर कोणी बोट पाहिलं नसतं, सगळ्यांनी उडी पाहिली असती. सलग शॉटमध्ये आकार बदलायचाच असेल तर एक तर इतका सावकाश की कळू नये, नाहीतर मध्ये दुसरा शॉट टाकून.

त्या वेळी थर उतरतायत ना? मग तिथे दीड सेकंदाचा दुसरा शॉट टाक. टाळ्या वाजवणारे लोक, ढोलवाले, काहीही. आवाज आत्याच्या क्लिपचाच चालू ठेव.

परळची_गॅलरी

शेजारच्या मुलाच्या फोनमध्ये ढोलवाल्यांचा एक शॉट सापडलाय, पण त्याने उभा घेतलाय.

रील_राजा

बघा, उभा शॉट सगळ्यांना लागतोच शेवटी.

कटिंग_टेबल

उभा असला तरी ४के असेल तर आडवं कापून वापर. २१६० रुंद असतो, १०८० च्या पडद्याला पुरतो. फक्त उंचीतला एक तृतीयांशपेक्षा कमी भाग मिळेल, ढोलवाल्याचा चेहरा घे किंवा टिपरू घे, दोन्ही मिळणार नाही.

नंदूकाका_दादर

आत्ता कळलं मला, बोट व्हिडिओत आहे होय. मग आत्याबाईंना सांगा, फोन आडवा धरताना भिंगं ज्या टोकाला आहेत त्या टोकाची तर्जनी फोनच्या मागे न टेकवता वरच्या कडेवर ठेवावी. मी नातवाला हेच सांगतो.

कटिंग_टेबल

काका, एकदम बरोबर. ०.५ वर असताना तर हमखास बोट येतं, त्या भिंगाला फार रुंद दिसतं.

परळची_गॅलरी

आत्याला विचारलं. पाऊस होता आणि सगळे थर मावावेत म्हणून ०.५ वरच घेतलं होतं. बोट आता तिला मान्य आहे, पट्टा अजून नाही.

टिपरूवाला शॉट लावलाय. लालीचं मी दोन्ही प्रकारे करून बघितलं. ११८ ने भिंत बरी दिसते पण डावीकडची पायाची मुलगी कोपरापासून खाली कापली जाते आणि ती बहिणीची मैत्रीण आहे. मास्कने भिंत खरंच थोडी श्वास घेते. उद्या पथकाच्या हॉलवर प्रोजेक्टर लावून दोन्ही बघणार आहोत.

प्रीमियरवाली_पार्ले

मास्कची कड अजून मऊ कर आणि कीफ्रेम फक्त चढवायचे आणि उतरवायचे ठेव, मधले काढून टाक. तरी श्वास घेत असेल तर ११५ वर तशीच लाल राहू दे. मैत्रिणीचा हात महत्त्वाचा.